ही ती नाही

गेल्या पावसाळ्यात मी एका माणसाशी खोटं बोललो. खोटं लहान होतं, कुणाचं काही बुडालं नाही, आणि विषय तर जिनचा होता. म्हणजे घरी सांगितलं तर लोक हसून सोडून देतील असा. पण ते खोटं वर्षभर माझ्या मागे लागलं आहे. ते का लागलं आहे, याचा विचार करताना मला ज्या गोष्टी नव्याने कळल्या त्या लिहून काढतो आहे.

मी स्वाद-रसायनांच्या धंद्यात तीस वर्षं काढली. बिस्किटात वेलची, सरबतात संत्रं, औषधात रासबेरी, हे सगळं कुठून येतं ते मला विचारा. निवृत्तीनंतर तळेगावच्या पुढे आंबीला राहायला आलो. एका बाजूला एमआयडीसी, एका बाजूला इंद्रायणी आणि मधे उरलेली भातखाचरं. पावसाळ्यात इथे करण्यासारखं फार काही नसतं. त्यात माझ्याकडे जुन्या सवयीने जमवलेल्या तेलांच्या पन्नासेक छोट्या बाटल्या आहेत. त्यातून जिन करून बघायची कल्पना आली.

जिन म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. मूळ दारूला स्वतःची चव जवळजवळ नसते. धान्यापासून किंवा मळीपासून काढलेलं, ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेलं अल्कोहोल हा तिचा पाया. त्याला जिन बनवतं ते जुनिपर. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात हे हाऊबेर किंवा अभल या नावाने मिळतं, आणि आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत याचंच नाव हपुषा. वाटाण्याएवढं, काळसर निळं, फळासारखं दिसतं, पण ते फळ नसून सूचिपर्णी झुडपाचा मऊ झालेला शंकू असतो आणि तो पिकायला दोनेक वर्षं जातात. चिमटीत चुरडला की आधी देवदाराचा वास येतो, मग मिरीसारखं काहीतरी, आणि शेवटी लिंबाची साल. जुनिपरच्या जोडीला धणे, लिंबू-संत्र्याची साल, अँजेलिकाचं मूळ, ओरिसचं मूळ, वेलची, दालचिनी असं बनवणाऱ्याच्या पसंतीने काहीही येतं. मात्र पुढे जुनिपरच दिसलं पाहिजे.

आता हा वास अल्कोहोलमध्ये न्यायचा कसा? रस्ते दोन. पहिला ऊर्ध्वपातनाचा. अल्कोहोलमध्ये पाणी घालून ते निम्म्यावर आणायचं, त्यात जुनिपर, धणे वगैरे भिजत घालायचे, मग तांब्याच्या भांड्यात तापवायचं आणि वाफ थंड करून गोळा करायची. दुसरा रस्ता मिसळण्याचा, म्हणजे कंपाउंडिंगचा. इथे भट्टी पेटत नाही. एकतर मसाले अल्कोहोलमध्ये भिजवून गाळून घ्यायचे, नाहीतर जुनिपरचं तेल, धण्याचं तेल, लिंबाचं तेल मापून टाकायचं आणि ढवळायचं.

घरी भट्टी लावणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, त्यामुळे माझ्यापुढे दुसराच रस्ता होता. आधी भिजवून पाहिलं. बिनवासाच्या व्होडकाच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५ ग्रॅम ठेचलेलं हाऊबेर, ७ ग्रॅम धणे, दोन वेलच्या. चोवीस तासांनी त्यात लिंबाची साल टाकली आणि तीनेक तासांनी सगळं गाळलं. वास उत्तम आला. पण रंग फिक्या चहासारखा, आणि घोट घेतला की जिभेच्या मागे कडवट, तुरट पट्टा राहायचा. भिजवताना अल्कोहोल वास तेवढा उचलून थांबत नाही. रंग, राळ, तुरटपणा, जे जे विरघळेल ते सगळं घेऊन येतं.

मग तेलांकडे वळलो. पहिल्या वेळी जुनिपरचं तेल सरळ ड्रॉपरने टाकलं आणि हात जड पडला. बाटलीत ते स्वच्छ दिसत होतं, पण ग्लासात पाणी ओतताच दुधाळ झालं. तेल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. पाणी वाढलं की ते बारीक कणांनी बाहेर पडतं. ही तेल जास्त झाल्याची अगदी साधी खूण. दुसऱ्या वेळी धंद्यात शिकलेल्या शिस्तीने वागलो. खाद्य दर्जाचं एक मिलिलिटर तेल ९९ मिलिलिटर अल्कोहोलमध्ये, आणि त्या पातळ द्रावणातले तीन मिलिलिटर एका बाटलीला. धण्याचं एक, लिंबाच्या सालीचं एक. या वेळी जे तयार झालं ते पाण्यासारखं नितळ होतं, बर्फ घातला तरी नितळ राहिलं, आणि वासाला थेट जिन होती. मला माझाच अभिमान वाटला. ठेवायला बाटली हवी म्हणून एका चांगल्या, गोव्यात तयार होणाऱ्या जिनची रिकामी बाटली घेतली आणि तीत भरून ठेवली.

त्याच आठवड्यात माझे जुने साहेब आले. वय वर्षं ७८. मला हा धंदा त्यांनी शिकवला. कागदाच्या पट्टीवर अत्तर टेकवून ते पाच मिनिटांनी, वीस मिनिटांनी, दुसऱ्या दिवशी कसं वास घेतं ते बघायला त्यांनीच शिकवलं. त्यांचं नाक म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतलं शेवटचं कोर्ट होतं. संध्याकाळी पाऊस लागला होता. मी त्या बाटलीतून दोन ग्लास भरले. त्यांनी वास घेतला, घोट घेतला, बाटलीकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘छान आहे रे. डिस्टिल्ड ना ही?’’

मी म्हणालो, ‘‘हो सर.’’

एवढंच. त्या क्षणी मला ती गंमत वाटली. किंबहुना परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. त्यांनी खिशातली छोटी वही काढून बाटलीवरचं नाव लिहून घेतलं. तेव्हाही मी बोललो नाही. स्वयंपाकघरातून हिने माझ्याकडे एकदा पाहिलं, तीही काही बोलली नाही.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. पुण्याच्या दुकानातून त्यांनी ती बाटली आणली होती. आवाज थोडा उतरलेला होता. ‘‘अरे, ही ती नाही. तुझ्याकडे प्यायलो ती सरळ होती, पाइन आणि लिंबू. हिच्यात मागे बरंच काही आहे. दुकानदाराने फसवलं म्हणावं तर सील शाबूत. मला वाटतं, माझं नाक गेलं.’’

मी ‘‘बॅच वेगळी असेल’’ असं काहीतरी पुटपुटलो. फोन ठेवला आणि जेवलो नाही.

पुढच्या काही दिवसांत मी स्वतःचा बचाव फार कसोशीने मांडला. तो इथे देतो, कारण तो अगदीच पोकळ नाही. जुनिपरच्या तेलातला सर्वांत मोठा घटक अल्फा-पायनीन. तो भट्टीतून आला काय आणि ड्रॉपरमधून आला काय, रेणू तोच. नाकाला रेणूचा जन्मदाखला कळत नाही. शिवाय माझ्या बाटलीतलं जुनिपर तेल तरी कुठून आलं? कुणीतरी कुठेतरी हाऊबेर वाफेवर घालूनच ते काढलं होतं. म्हणजे माझ्या जिनमध्येही ऊर्ध्वपातन झालेलं होतंच, फक्त आधी आणि दुसऱ्याच्या हातून. मग मी ‘हो’ म्हणालो यात खोटं किती?

हा बचाव मी दोन बाजूंनी तपासला. आधी रसायनाच्या.

भट्टीत नेमकं काय घडतं ते पाहू. निम्मं अल्कोहोल असलेलं मिश्रण ऐंशीच्या पुढे थोड्या अंशांवर उकळू लागतं, आणि अल्कोहोल निघून जाईल तसा तो आकडा शंभराकडे सरकतो. या चढणीवर वास एकदम येत नाहीत, रांगेने येतात. सुरुवातीला लिंबू-संत्र्याचे आणि पाइनचे हलके वास. मधे जुनिपरचा भरीव भाग आणि धण्याचा फुलांकडे झुकणारा गोडवा. शेवटी मुळांचे, मातीचे जड वास, आणि त्यांच्या पाठोपाठ शिजवलेल्या भाजीसारखा, ओल्या पुठ्ठ्यासारखा एक नकोसा वास. भट्टीवाला पहिला थोडा भाग बाजूला काढतो, मधला ठेवतो, आणि शेवटचा वास येऊ लागला की तोडतो. उतरणाऱ्या दारूची तीव्रता बघून कुणी ६० टक्क्यांना थांबतं, कुणी आणखी खाली जातं. थांबण्याची जागा थोडी चुकली तर मुळांचा आधार नसलेली उथळ जिन मिळते, किंवा पुठ्ठ्याचा वास बाटलीत येतो. वर, तासन्‌तास उष्ण पाण्यात राहिल्याने काही घटक थोडे बदलतात, आणि जे उडत नाही ते भांड्यातच राहतं.

याचं उत्तम उदाहरण गोव्यातच आहे. ‘नाओ स्पिरिट्स’ची हपुषा नावाची जिन हिमालयातल्या जुनिपरपासून होते, आणि तिच्या मसाल्यांत हळदही आहे. पण जिन पाण्यासारखी नितळ. हळदीचा वास वाफेबरोबर वर जातो, पिवळा रंग जात नाही, तो तळाशी राहतो. हीच हळद मी व्होडकात भिजवली असती तर हातरुमालही पिवळा झाला असता. माझ्या तीन तेलांच्या जिनमध्ये हा मधला आणि शेवटचा पल्लाच नव्हता. मूळ नव्हतं, जड टोक नव्हतं. वीस मिनिटांनी ग्लासात पाइन आणि लिंबू विरत गेले की मागे काही उरत नव्हतं. साहेबांनी फोनवर हेच सांगितलं होतं, शब्दशः. त्यांचं नाक गेलेलं नव्हतं.

पण रसायनाची ही बाजू मला पूर्ण सोडवत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. समजा मी तीनाऐवजी तीस तेलं वापरली असती. समजा मूळ, जड टोक, सगळं मोजून बसवलं असतं आणि साहेबांनाही फरक कळला नसता. मग खोटं खरं झालं असतं का?

इथे मला आपल्या मावळातला तांदूळ आठवतो. इंद्रायणी ही जात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाली. चिकट, वासाचा, उत्तम भात. आमच्या घरी तोच शिजतो. आता कुणी इंद्रायणी आंबेमोहोर म्हणून विकला, तर खाणाऱ्याच्या पोटाला काहीच होत नाही. भात वाईट नसतो. पण मूळचा वाण जपून लावणाऱ्याने कमी पीक घेऊन जे नाव टिकवलं, ते नाव तिसराच वापरतो. आणि इंद्रायणीच्या नावावर जे श्रेय जमा व्हायचं तेही होत नाही. एका खोट्या नावाने दोन तांदळांचं नुकसान होतं.

जिनच्या बाबतीत कायद्याने हे ओळखलं आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमांत तीन पायऱ्या आहेत. नुसती ‘जिन’ म्हणायला जुनिपरने स्वादित केलेलं अल्कोहोल पुरतं, भट्टी लागत नाही. ‘डिस्टिल्ड जिन’ म्हणायला जुनिपर आणि इतर मसाल्यांसकट अल्कोहोल पुन्हा भट्टीतून गेलं पाहिजे, नंतर स्वाद घातला तरी चालतो. हेंड्रिक्सवाले काकडी आणि गुलाबाचा अर्क असा नंतरच घालतात. ‘लंडन जिन’मध्ये नंतर स्वाद किंवा रंग घालता येत नाही, आणि साखर लिटरला ०.१ ग्रॅमच्या वर नाही. या पायऱ्या चवीच्या नाहीत, हे लक्षात घ्या. लंडन जिन डिस्टिल्डपेक्षा चांगली लागेल असं हा कायदा कुठेही म्हणत नाही. बनवणाऱ्याने स्वतःवर कोणती बंधनं घालून घेतली, एवढंच तो सांगतो.

तेव्हा भट्टी पवित्र आणि मिसळणं पाप, असं म्हणण्यात अर्थ नाही. आपल्याकडची हातभट्टी ही शब्दशः डिस्टिल्डच असते, म्हणून कुणी ती विश्वासाने पीत नाही. उलट, भिजवून केलेली जिन हा स्वतंत्र, चांगला प्रकार होऊ शकतो. तिचा फिका चहासारखा रंग हीच तिची ओळख आहे. मला तो रंग नको होता. मला भट्टीवाल्याचा नितळपणा हवा होता, भट्टी न लावता.

आणि ‘रेणू तोच’ या युक्तिवादाचा इतिहास तर फारच बोलका आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये स्वस्त जिनचा पूर आला तेव्हा जुनिपरऐवजी टर्पेंटाइन घालत. रंगवाले वापरतात तेच. हे ऐकून अंगावर काटा येतो, पण त्यामागे वेडेपणा नव्हता. पाइनच्या डिंकापासून काढलेल्या टर्पेंटाइनमध्येही मोठा घटक अल्फा-पायनीनच असतो. त्या भेसळवाल्याला रेणूचं नाव माहीत नव्हतं, त्याचं नाक मात्र बरोबर सांगत होतं. ‘वास तोच आहे ना?’ हा प्रश्न पुरेसा मानला की माणूस कुठवर जातो, ते इथे दिसतं. मी टर्पेंटाइन घातलं नव्हतं. पण साहेबांपुढे मी मनातल्या मनात जे कारण देत होतो, ते त्याचंच होतं.

आता दुसरी बाजू, जिचा विचार करायला मला जास्त वेळ लागला. साहेबांनी मला त्या संध्याकाळी दोन गोष्टी सांगितल्या-विचारल्या. ‘छान आहे’ हे चवीबद्दल होतं. त्यासाठी त्यांना माझी गरज नव्हती, ग्लास त्यांच्या हातात होता. ‘डिस्टिल्ड ना ही?’ हा प्रश्न त्या ग्लासाच्या भूतकाळाबद्दल होता. भूतकाळ चाखता येत नाही. तिथे माणसाकडे दुसऱ्याच्या शब्दाशिवाय काही साधन नसतं. मी इतके दिवस असं धरून चाललो होतो, की चवीत फरक कळत नसेल तर खोट्याचं वजन कमी होतं. खरं तर उलटं आहे. जिथे समोरचा स्वतः तपासू शकतो, तिथे मी खोटं बोललो तरी त्याच्याकडे उपाय उरतो. जिथे तो तपासू शकत नाही आणि म्हणूनच विचारतो, तिथे माझा शब्द हाच त्याचा एकमेव आधार असतो. फरक जितका न कळणारा, तितकं ‘हो’ जड.

आणि नुकसान झालंच. त्यांनी माझ्या ‘हो’वर विश्वास ठेवून त्या बाटलीचं नाव आणि तो वास यांची मनात गाठ मारली. नंतर खरी बाटली उघडली आणि गाठ सुटली. तेव्हा त्यांच्यापुढे दोनच शक्यता होत्या: मी खोटा, किंवा त्यांचं नाक खोटं. पहिली त्यांच्या मनातही आली नाही. ७८ वर्षांच्या माणसाने, ज्याची सगळी ओळख नाकात आहे, त्याने माझ्यावर संशय घेण्याऐवजी स्वतःवर घेतला. ही किंमत मी गंमत म्हणून त्यांच्याकडून वसूल केली.

शेवटी मी गेलो. तीन बाटल्या घेऊन: माझी तेलाची, माझी भिजवलेली, आणि दुकानातली सीलबंद. कोणती कुठली ते आधी सांगून टाकलं आणि त्या संध्याकाळचंही सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तिन्ही ग्लास ओळीने लावले, प्रत्येकात थोडं पाणी घातलं, घड्याळ काढून ठेवलं. पाच मिनिटांनी एकदा वास घेतला, वीस मिनिटांनी पुन्हा. दुकानातल्या ग्लासावर बोट ठेवून म्हणाले, ‘‘यात अजून धणे आहेत. तुझा ग्लास रिकामा झाला.’’ मग भिजवलेलीकडे बघून, ‘‘ही बरी आहे. ही का नाही दिलीस?’’

त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आता आहे, पण ते फारसं शोभणारं नाही. ती दिली असती तर तिच्या रंगावरूनच त्यांना कळलं असतं, आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारलाच नसता.

निघताना त्यांनी वही काढली, जुन्या पानावरच्या नोंदीवर रेघ मारली आणि खाली काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. घरी येऊन गोव्याच्या त्या बाटलीवरचं लेबल कोमट पाण्यात भिजवून काढलं आणि पांढरी पट्टी चिकटवली. तिच्यावर तारीख, तेलांची नावं, मिलिलिटर, आणि वर ठळक अक्षरांत: मिसळलेली.